रिफंड राहिला, तर रिव्ह्यूत काय बोलायचं

> पर्वरीला शुक्रवारी स्प्रिंट रिव्ह्यू आहे, कळंगुटच्या हॉटेलचे लोक येणार. टीम खूप राबली, पण त्यांच्या बुकिंग सॉफ्टवेअरमधला रिफंड राहिला. दोन मिनिटांत काय बोलू?

राहिलेलं काम आधी सांगा. हॉटेलवाले त्याचीच वाट पाहत असतात. ते कळेपर्यंत आभार त्यांच्या कानांत शिरत नाहीत.

‘नव्वद टक्के झालंय’ हे वाक्य टाळाच. २०२०च्या स्क्रम गाइडनुसार ‘डेफिनिशन ऑफ डन’ न गाठलेलं काम रिव्ह्यूत दाखवायचंही नसतं, ते बॅकलॉगमध्ये परत जातं. अर्धवट रिफंड स्क्रीनवर एकदा चालताना दिसला, की समोरचा तो झालाच असं धरतो आणि पुढचे बेत त्यावर आखतो.

मी असं बोलेन:

“बुकिंग आणि ते रद्द करणं पूर्ण झालंय, आता दाखवतो. रिफंड झालेला नाही. पूर्ण रक्कम परत जाते, पण एक रात्र कापून उरलेली द्यायची असेल तर हिशोब चुकतो. ते दुरुस्त होईपर्यंत असे रिफंड तुमच्या काउंटरवर हातानेच करावे लागतील. पुढच्या स्प्रिंटमध्ये हे सगळ्यांत वर घ्यावं असं आम्हांला वाटतं. तुमची सोय सांगा. टेस्टिंगच्या मंडळींचे मनापासून आभार, ही चूक त्यांनी पाहुण्यांपर्यंत पोचू दिली नाही.”

कोणामुळे अडलं, अंदाज का चुकला, हे टीमच्या रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये बोला. हॉटेलवाल्यांसमोर एकाही डेव्हलपरचं नाव चुकीला चिकटू देऊ नका. आभार मात्र नाव घेऊन, नेमक्या कामासाठी माना.