चेहऱ्याचं क्रीम: मीनाकाकूंच्या प्रश्नावरची चर्चा (जळगाव, सोसायटी ग्रुप)

मीनाकाकू, बी-२०३: सुनीताताई, भाचीचा फोटो टाकलाय, बघा जरा. चार महिन्यांपासून रोज रात्री हे क्रीम लावते, पार्लरमधून आणलेलं. आठ दिवसांत रंग उजळला म्हणून सगळे खूश होते. आता दोन दिवस लावलं नाही तर गाल लालेलाल होतात, आग होते. पार्लरवाली म्हणते, क्रीम बंद केलं म्हणून ॲलर्जी उठली, परत चालू करा.

सुशीलाआक्का, ए-१०१: पोरगी उन्हामा गयी का तोंड लाल व्हई जास, मी कालदिनच देखं.

डॉ. सुनीता, ए-३०२ (त्वचारोग): काकू, मला एवढंच सांगा. क्रीम लावल्यावर आग वाढते की थांबते?

मीनाकाकू, बी-२०३: थांबते ना! तासाभरात गार वाटतं म्हणते.

डॉ. सुनीता, ए-३०२: मग ही क्रीमची ॲलर्जी नाही. ॲलर्जी असती तर लावल्यावर खाज आणि लाली वाढली असती, बंद केल्यावर उतरली असती. इथे उलटं आहे. बंद केलं की भडकतं, लावलं की शांत होतं. क्रीममध्ये स्टिरॉइड असल्याची ही मोठी खूण. फोटोत बाकीचंही दिसतंय. गालांवर लाल रेषांचं बारीक जाळं आहे, हनुवटीवर एकसारख्या आकाराच्या पुटकुळ्या आहेत, कानाजवळ लव वाढली आहे. साध्या मुरुमांत काळे ठिपके, लहानमोठे फोड असं मिश्रण असतं. इथे सगळ्या एका साच्यातल्या आहेत.

प्रकाशकाका, सी-४०१: पण गोरेपणा आला कसा? काहीतरी गुण असेलच की.

डॉ. सुनीता, ए-३०२: गुण असा, की स्टिरॉइड कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं. लाली गेली की चेहरा लगेच फिका, गुळगुळीत दिसतो. रंग बनवणाऱ्या पेशीही मंदावतात. पण त्याच वेळी कातडीला जाडी देणारे कोलॅजनचे धागे बनणं कमी होतं. काही आठवड्यांत कातडी पातळ होते आणि खालच्या वाहिन्या वरून दिसू लागतात. आवळून ठेवलेल्या वाहिन्या क्रीम थांबलं की एकदम फुगतात, म्हणून ही आग. पातळ कातडीला आपल्या मे महिन्याचं ऊन कसं सोसणार? आणि हे पापण्यांजवळ महिनोन्‌महिने लागलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूही होऊ शकतो. ते मात्र आरशात दिसत नाही.

योगेशभाऊ, मेडिकल: पार्लरच्या डबीतच असतं असं नाही, ताई. आमच्या काउंटरवरही लोक ट्यूबचं नाव सांगून मागतात. घरी ट्यूब असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, यांपैकी काही दिसलं तर ते स्टिरॉइड. क्लोबेटासॉल ०.०५ टक्के वाचून आकडा लहान वाटतो, पण ते सगळ्यांत जोरदार गटातलं आहे. गजकर्णाच्या मिश्र मलमांत बऱ्याचदा तेच असतं आणि लोक ते चेहऱ्याला लावतात. २०१८ मध्ये केंद्राने स्टिरॉइडची १४ मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या यादीत घेतली. चिठ्ठीशिवाय मागू नका, आणि कोणी देत असेल तर घेऊ नका.

मीनाकाकू, बी-२०३: डबीवर यातलं काहीच नाही हो. सोनेरी झाकण, "हर्बल" लिहिलंय, पत्ता नाही. आत एक चिठ्ठी आहे, लावताना सोन्या-चांदीचे दागिने काढून ठेवा म्हणून.

डॉ. सुनीता, ए-३०२: चिठ्ठीतली ही ओळ महत्त्वाची आहे, काकू. पाऱ्याच्या क्रीमवर अशी सूचना असते, कारण पारा सोन्याला लागला की त्यावर पांढुरका थर चढतो. म्हणजे डबीत दोन्ही असू शकतं. पारा रंग तयार करणारं एन्झाइम अडवतो, म्हणून तोही उजळवतो. फरक असा, की बऱ्याच जणींना पाऱ्याने चेहऱ्यावर काहीच त्रास होत नाही. तो कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंडात साठतो.

सौंदर्यप्रसाधनात चुकून आलेला पारा दहा लाखात एक भाग, एवढाच चालतो. ३० ग्रॅमच्या डबीत तो ०.०३ मिलिग्रॅम होतो. मुद्दाम घातलेल्या क्रीममध्ये हजारो भाग सापडले आहेत. १ टक्का धरला तर त्याच डबीत ३०० मिलिग्रॅम, दहा हजार पट.

योगेशभाऊ, मेडिकल: २०२३ मध्ये अकोल्याची बातमी होती, एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं अशाच क्रीमने बिघडली होती. केईएममध्ये पत्ता लागला.

डॉ. सुनीता, ए-३०२: हो. केरळमधल्या डॉक्टरांनीही असेच रुग्ण नोंदवले आहेत. मूत्रपिंडाची गाळणी बिघडते आणि प्रथिनं लघवीतून जातात. घरी ओळखायचं तर सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज, संध्याकाळी घोट्याजवळ दाबलं तर खड्डा, आणि लघवीला फेस येऊन तो लवकर न विरणं. हात थरथरणं, झोप उडणं, चिडचिड हेही बघा. काकू, घरात लहान मूल आहे का?

मीनाकाकू, बी-२०३: वहिनीचं दीड वर्षाचं बाळ आहे, दिवसभर हिच्याच कडेवर.

डॉ. सुनीता, ए-३०२: मग बाळालाही बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि क्रीमचं सांगा. हे क्रीम गालावरून बाळाच्या हातातोंडाला, उशीच्या अभ्र्याला, टॉवेलला लागतं, थोडा पारा वाफ होऊन खोलीतही राहतो. डबी आजच बंद. अभ्रे-टॉवेल पिशवीत बांधून वेगळे ठेवा, बाकीच्या कपड्यांत धुऊ नका. भाचीची लघवीची साधी तपासणी उद्या सकाळीच करा. पाऱ्यासाठी मोठ्या लॅबमध्ये लघवीतला पारा द्या. रक्तातला पारा मासे खाल्ल्यानेही वाढतो, त्यामुळे तो आकडा फसवू शकतो.

प्रकाशकाका, सी-४०१: एकदम बंद केलं तर चेहरा आणखी भडकेल ना?

डॉ. सुनीता, ए-३०२: भडकेल. पहिले दोन-तीन आठवडे सगळ्यांत वाईट जातात आणि पूर्ण शांत व्हायला काही महिने लागू शकतात. म्हणून डबीतलं "थोडं थोडं कमी करत" सोडू नका. त्यात काय आणि किती आहे हेच माहीत नसताना कमी कसं करणार? डबी बंद करून दवाखान्यात या. गरज पडली तर हलकं, मोजलेलं औषध देऊन हळूहळू उतरवता येतं, किंवा टॅक्रोलिमससारखं बिनस्टिरॉइड मलम देता येतं. तोपर्यंत साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर, बाहेर पडताना ओढणी आणि झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. फेशियल, ब्लीच, लिंबू, बेसन-हळद यांतलं काहीही नको.

मीनाकाकू, बी-२०३: (दुसऱ्या दिवशी) लघवीचा रिपोर्ट आला. अल्ब्युमिन निल, सूजही नाही. पाऱ्याचा रिपोर्ट यायचाय.

डॉ. सुनीता, ए-३०२: बरं झालं. आजच्या घडीला प्रथिनं जात नाहीत, पण यावरून पारा नाही असं म्हणता येत नाही. महिन्याभराने लघवी परत तपासा. मधे सूज आली तर थांबू नका.

सुशीलाआक्का, ए-१०१: ती डबी घंटागाडीमा टाकी दिऊ का?

योगेशभाऊ, मेडिकल: नको आक्का, बेसिनमध्येही ओतू नका. झाकण घट्ट लावून दोन प्लॅस्टिक पिशव्यांत बांधा, बाळापासून लांब ठेवा, चिठ्ठीही सोबत राहू द्या. अन्न व औषध प्रशासनाच्या इथल्या कार्यालयात लेखी तक्रार द्यायची, डबी पार्लरमधून घेतली ती तारीख लिहायची. बिल दिलं असेल तर तेही शोधा, काकू. तक्रारीचा कागद मी संध्याकाळी लिहून ठेवतो.