पहिल्या ऑफरची मुदत शुक्रवारी, दुसरीकडचा निर्णय बाकी

सायली, सिॲटल

नमस्कार मंडळी. एमएस संपलं, आता ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर इथे काही काळ काम करायच्या विद्यार्थी परवानगीवर आहे. एका कंपनीची लेखी ऑफर आली आहे आणि शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर द्यायचं आहे. दुसऱ्या कंपनीत सोमवारी शेवटची फेरी झाली. तिथलं काम मला जास्त आवडलं, पण रिक्रूटर म्हणाली की निर्णयाला दोन आठवडे लागतील. पहिल्या ऑफरचं तिला सांगू का? धमकी दिल्यासारखं वाटेल का? मैत्रीण म्हणते, मुदत बुधवारची आहे असं सांग, म्हणजे लवकर हलतील. खोटं मला सांगायचं नाही.

विनय, न्यू जर्सी

सायली, काही सांगू नकोस. पहिली ऑफर घेऊन टाक, दुसरी आली तर पहिली सोड. इथली नोकरी 'ॲट-विल' असते, कोणीही कधीही सोडू शकतो. शिवाय ओपीटीवर बेकारीचे ९० दिवसच मिळतात. तेवढ्यात हातचं सोडू नये.

मेधा, ऑस्टिन

विनयदादा, ९० दिवसांचं अगदी बरोबर. फक्त ते ओपीटी सुरू झाल्यापासून मोजतात आणि काम सुरू होईपर्यंत चालू राहतात, ऑफरवर सही केली म्हणून थांबत नाहीत. म्हणून सायली, दोन्हीकडची रुजू व्हायची तारीख आधी बघ.

सही करून मागे फिरण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. कायद्याने अडवत नाहीत हे खरं, पण तोवर त्यांनी बाकीच्या उमेदवारांना नकार कळवलेला असतो. रिक्रूटर कंपन्या बदलतात आणि नावं लक्षात ठेवतात.

मी भरतीच्या बैठकांना बसते. तो दोन आठवड्यांचा काळ बहुतेक नुसत्या थांबण्यात जातो. मुलाखत घेणाऱ्यांनी आपलं मत लिहून द्यायचं, मग सगळ्यांनी बसून ठरवायचं, मग पगाराची मंजुरी, मग पत्र. प्रत्यक्ष काम काही तासांचं, पण सगळ्यांची मोकळी वेळ जुळत नाही. हातात नेमकी तारीख असली की रिक्रूटर ती बैठक पुढच्या आठवड्यातून या आठवड्यात आणू शकते. 'जरा लवकर कळवा' एवढ्यावर तिला काहीच करता येत नाही. तुझ्या फेऱ्या संपल्यात म्हणून हे जमेल. दोन फेऱ्या बाकी असत्या, तर बहुधा 'अभिनंदन, ती घ्या' असं उत्तर आलं असतं.

आजच लिही, गुरुवारपर्यंत थांबू नकोस. आशय असा ठेव: 'मला दुसरीकडून लेखी ऑफर आली आहे. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर द्यायचं आहे. तुमच्याकडचं काम मला अधिक आवडलं आहे, म्हणून तुमचा निर्णय कळल्याशिवाय उत्तर देण्याची इच्छा नाही. त्याआधी कळणं शक्य आहे का? नसेल तर तेही सांगा.' पसंतीचं वाक्य खरं असेल तरच घाल, कारण पुढचा प्रश्न हमखास येतो: आम्ही दिली तर घ्याल का?

आणि बुधवार सांगितलास आणि त्या म्हणाल्या, 'बुधवारी नाही, गुरुवारी नक्की', तर काय करशील? काहीजण पत्रही बघायला मागतात.

त्याच वेळी पहिल्या कंपनीकडे दोन-तीन दिवस वाढवून माग. मिळाले, तर नवी तारीख दुसरीलाही कळव, तिथला जोर थोडा कमी झाला तरी.

नीलेश, टोरंटो

मी दोन ऑफर समोर ठेवून पगार चांगला वाढवून घेतला होता. सायलीने पहिल्या कंपनीचा आकडा सरळ सांगून टाकावा.

मेधा, ऑस्टिन

नीलेश, तुझ्या हातात दोन ऑफर होत्या, हिच्या हातात एकच आहे. आत्ता आकडा काढला तर बोलणं पगारावर जाईल आणि मंजुरीला आणखी एक सही लागेल. तिला वेळ हवा आहे. पगाराबद्दल ऑफरचं पत्र आल्यावर बोलता येईल.

सायली, सिॲटल

मेधाताई, लिहिलं. पहिल्या कंपनीने सोमवारी दुपारपर्यंत मुदत दिली, तेही दुसरीकडे कळवलं. रिक्रूटरचा फोन आला, आवाजात राग नव्हता. बैठक गुरुवारी घेतायत. होकार झाला तर शुक्रवारी फोनवर कळेल, पण पत्र सोमवारपर्यंत निघेल याची खात्री नाही म्हणाली. कुठली कंपनी असंही विचारलं. मी नाव सांगितलं नाही. चुकलं का? आणि फोनवरच्या होकारावर पहिलीला नाही म्हणू का?

मेधा, ऑस्टिन

नाव सांगायलाच हवं असं नाही. मी असते तर सांगितलं असतं, पण इथे माझ्याच टीममधले लोक उलट म्हणतील. फोनवरच्या होकारावर मात्र पहिलीला नकार देऊ नकोस. पगाराची मंजुरी अडकून तोंडी होकार मागे गेलेले मी पाहिलेत. शुक्रवारी होकार आला, तर पगार आणि रुजू व्हायची तारीख लिहिलेली साधी ईमेल तरी सोमवारी सकाळपर्यंत माग.

विनय, न्यू जर्सी

आणि ती ईमेल सोमवारी दुपारपर्यंत आलीच नाही तर? मी तरी पहिलीवर सही करायलाच सांगेन.

सायली, सिॲटल

विनयकाका, तसं झालं तर पहिली घेईन, आणि दुसरीला त्याच दुपारी कळवेन की आता मी मोकळी नाही.