मदत हवी आहे: आमसुलं, चिंच आणि आमचूर वर्षभरासाठी किती घ्यावं, पारख कशी करावी? (इंदूर)

मल्हारगंजची सून

आजवर आमसुलं सासूबाईंच्या माहेरून, कुडाळहून यायची. मामेसासरे गेले आणि तो पुरवठा थांबला. आता तिन्ही आंबट जिन्नस इथेच घ्यायचे आहेत. पुढच्या आठवड्यात जाऊबाईंबरोबर सियागंजात जायचं ठरलंय. त्यांचं म्हणणं, ठोक भावात सगळं दोन-दोन किलो उचलू आणि वर्षाची काळजी मिटवू.

मला धीर होत नाही, कारण गेल्या वर्षी एक किलो आमचूर पावडर आणली होती. श्रावणापर्यंत डब्यात तिची वीट झाली, बत्त्याने फोडून वापरली. चिंचेत किडे निघाले. आणि एका दुकानातून आणलेल्या आमसुलांनी आमटीला रंग दिलाच नाही, नुसती खारट झाली.

घरात आम्ही चौघं. आठवड्यातून तीनदा आमसुलाची आमटी, दोनदा चिंच-गुळाची, आणि भेंडी, कारली, बटाटा अशा भाज्यांत आमचूर. किती घेऊ आणि दुकानात उभं राहून काय बघू?

अवंतिका

आमचुरात पीठ मिसळतात, ते आधी तपासा. पाण्यात चिमूटभर पावडर घालून वर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळं-काळं झालं तर भेसळ. मी घरच्या तिन्ही पुड्या तपासल्या, तिन्ही निळ्या! तेव्हापासून आमचूर बंद, लिंबूच पिळते.

दुकानवाले काका

अवंतिकाताई, तुमच्या तिन्ही पुड्या कदाचित चांगल्या असतील. कच्च्या कैरीत मुळातच स्टार्च असतो, पिकताना त्याची साखर होते. आमचूर कच्च्या कैरीचंच, त्यामुळे शुद्ध पावडरही आयोडीनने निळी पडणार. ही परीक्षा हळदीला चालत नाही, तशी इथेही नाही.

मी 22 वर्षं किराणा केला, आता मुलगा बसतो. सूनबाई, पावडर घेऊच नका. आमचुराच्या फोडी घ्या. आपल्याकडे अलीराजपूर, कट्ठीवाड्याकडून माल येतो, मे-जूनमध्ये नवा असतो. फोड हातात घेऊन मोडायची. कट्कन तुटली तर वाळलेली, वाकली तर आत ओल आहे आणि पावसात बुरशी धरणार. साल काढून वाळवलेली फोड फिकट बदामी असते. सालासकटची काळपट आणि तुरट, तीच दळून स्वस्त पावडरीत जाते. पण फोड अगदी पांढरीफेक असेल तर मी तरी घेत नाही, उन्हात वाळलेली कैरी इतकी गोरी राहत नाही.

पावडरच घ्यायची वेळ आली तर जिभेवर ठेवा. आमचूर हळूहळू आंबट लागतं आणि मागे कैरीचा वास राहतो. जीभ एकदम चरचरली आणि मागे काहीच उरलं नाही, तर त्यात लिंबूसत्त्व आहे.

चिंच फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये नवी येते. आपल्याकडे बराच माल बस्तरचा. तिथे टरफल काढलेल्या पण चिंचोके असलेल्या चिंचेला आटी म्हणतात, चिंचोके काढलेलीला फूल. तुमचे किडे बहुधा चिंचोक्यांतून आले. त्यांवर बारीक छिद्रं होती का, आठवून बघा. साठवायची तर फूलच घ्या. नवी चिंच तांबूस-तपकिरी असते, वर्षभरात काळी पडते. काळी वाईट नसते, आंबटपणा टिकतो, पण आमटीचा रंग मळकट होतो.

ग्वाल्हेरकर

आमसुलांचं सरबत पित्तावर उत्तम. पाण्यात भिजवून जिरेपूड, खडीसाखर घालावी. आमच्याकडे तर बाटलीतलं आगळच मिळतं, ते का घेत नाही?

मल्हारगंजची सून

ग्वाल्हेरकर, सरबत करतेच, पण प्रश्न आमटीचा आहे. आगळ सोलकढीला ठीक, आमटीत मला आमसूलच लागतं.

काका, चिंचोक्यांना खरंच छिद्रं होती! मी ती धुऊन वापरणार होते, सासूबाईंनी फेकायला लावली.

आमसुलांचं सांगा ना.

दुकानवाले काका

त्यातलं मला कमी कळतं. मालवणकडचं कुणी असेल तर बोला.

वेंगुर्ल्याची लेक

मी राहते विजयनगरला, पण घरी आमसुलं घालायचो. रातांब्याची सालं त्याच्याच रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची, असं चार-पाच दिवस. रस जितका मुरतो तितकी पाकळी जाड, मऊ आणि जांभळट-काळी होते. एकदाच बुडवलेली पातळ, कडक राहते.

मीठ घालतातच, पण काही जण वजनासाठी जास्त घालतात. पाकळीवर पांढरी खर दिसली तर चाटून बघा, आंबटाच्या आधी खारट लागली तर ठेवून द्या. पांढरं दिसणारं सगळं मीठ नसतं. मीठ दाणेदार असतं, बुरशी लोकरीसारखी आणि कुबट वासाची.

घरी आणल्यावर दोन पाकळ्या अर्धा कप कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवायच्या. लाल-जांभळं पाणी आलं तर चांगलं. चहासारखं तपकिरी झालं तर जुना माल, तुमची बिनरंगाची आमसुलं तीच असावीत. रंग लावल्याचा संशय असेल तर त्या पाण्यात चिमूट खायचा सोडा घाला. आमसुलाचा रंग निळसर-हिरवट होतो. लालभडकच राहिला तर तो वरून लावलेला.

नवा माल जूनच्या सुमारास येतो. पावसात सापडलेला रातांबा नीट वाळत नाही, म्हणून ओलसर, चिकट माल घेऊ नका.

मल्हारगंजची सून

आज वजनकाट्यावर हिशोब केला. घरातल्या आमसुलाच्या दहा पाकळ्या 18 ग्रॅम भरल्या. आमटीला चार घालते, म्हणजे साधारण 7 ग्रॅम. आठवड्यातून तीनदा, म्हणजे 21 ग्रॅम, वर्षाला जेमतेम 1 किलो 100 ग्रॅम. चिंच एका वेळी 15 ग्रॅम, आठवड्याला 30, वर्षाला दीड किलो. आमचुराचा सपाट चमचा अडीच ग्रॅम, आठवड्यातून तीनदा, म्हणजे वर्षाला 400 ग्रॅमसुद्धा नाही! आणि मी किलो आणून बसले होते.

दुकानवाले काका

हे झालं. जाऊबाईंना हाच कागद दाखवा. आमचुराच्या फोडी अर्धा किलो घ्या, बरणीत ठेवा आणि महिन्याला 30-40 ग्रॅमच दळा. चिंच दीड किलो, पण आधी पाव किलो आणून आमटी करून बघा, पटली तर त्याच पोत्यातली उरलेली घ्या. दोन उन्हं दाखवा, थोडं मीठ चोळा आणि चिनी मातीच्या बरणीत दाबून भरा. पितळेत किंवा अॅल्युमिनियमच्या डब्यात नको.

वेंगुर्ल्याची लेक

आमसुलं सव्वा किलो घ्या, उन्हाळ्यात सोलकढीला लागतात. काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये. रंग टिकतो.

दुकानवाले काका

फ्रिज कशाला? मिठाची आहेत, बाहेरही राहतात. उलट सारखी बरणी आत-बाहेर केली तर पाणी सुटतं.

वेंगुर्ल्याची लेक

कोकणात बाहेरच ठेवायचो, पण इंदूरच्या मे महिन्यात माझी दोन वर्षं तपकिरी झाली काका. रोजची छोटी बरणी बाहेर, बाकीची आत.

मल्हारगंजची सून

मी निम्मी फ्रिजमध्ये आणि निम्मी कपाटात ठेवते, दिवाळीला दोन्हींचं पाणी करून इथे सांगते. जाऊबाई मात्र अजून दोन किलोवरच अडून आहेत. त्यांना आमचूर वाटून घेऊ म्हटलं, तर म्हणाल्या, मग तुमच्या वाट्याची वीटही तुम्हीच फोडा.