शब्दचर्चा: कालजटिलता O(2^n) ‘आहे’ की O(2^n) ‘च्या आत’?

कुंपणवेल
भाच्याच्या नोट्समध्ये फिबोनाचीचं हे फंक्शन आहे.

```python
def fib(n):
    if n < 2:
        return n
    return fib(n-1) + fib(n-2)
```

खाली लिहिलंय, ‘या फंक्शनची कालजटिलता O(2^n) आहे.’ त्याच्या मित्राच्या वहीत मात्र २ च्या जागी १.६१८. बरोबर कोण? आणि वाक्यातल्या ‘आहे’चा अर्थ ‘एवढीच’ घ्यायचा का? मी मराठी शिकवते, गणित बारावीनंतर सुटलं. सांभाळून घ्या.

आडगावकर
२ बरोबर. प्रत्येक कॉल आणखी दोन कॉल करतो, म्हणजे पातळीगणिक दुप्पट: १, २, ४, ८. अशा n पातळ्या. १.६१८ कुठून आणलं देव जाणे.

नाचणी
एवढा खल कशाला? मी एकदा काढलेली उत्तरं डिक्शनरीत ठेवते, fib(90) चुटकीसरशी येतं. O(n) लिहा नि मोकळे व्हा.

कुंपणवेल
नाचणीताई, ते फंक्शन वेगळं झालं ना? प्रश्न वर दिलेल्याचा आहे.

सांजवारा
आडगावकर, fib(5) चं झाड कागदावर काढून बघा. डावीकडची फांदी ५, ४, ३, २, १ अशी एकेक पायरी उतरते. उजवीकडची ५, ३, १ अशी उडी मारत लवकर संपते. पातळीवार कॉल मोजले तर १, २, ४, ६, २ येतात, एकूण १५. दुप्पट होणं चौथ्या पातळीलाच मोडतं.

आता रिकरन्स. कॉलची संख्या C(n) धरू. C(0) = C(1) = 1, आणि पुढे

```
C(n) = C(n-1) + C(n-2) + 1
```

तो शेवटचा १ त्रास देतो. दोन्ही बाजूंना १ मिळवा, मग C(n)+1 हे आधीच्या दोन तशाच पदांची बेरीज होतं, म्हणजे फिबोनाचीच, फक्त सुरुवात २, २ अशी. F(n) म्हणजे fib(n) चं उत्तर धरलं, तर C(n) = 2F(n+1) − 1. n = 5 घातलं की 2×8 − 1 = 15. झाडाशी जुळलं.

वाढीचा वेग हवा तर x^n घालून पाहा: x² = x + 1 उरतं. एक उत्तर १.६१८, दुसरं −०.६१८. दुसऱ्याचे घात विरून जातात, म्हणून नेमकी वाढ Θ(1.618^n). मित्राची वही बरोबर.

मग २ कुठून आला? C(n-2) च्या जागी त्याहून मोठा C(n-1) घातला की प्रत्येक पायरीला दुप्पट होतं. तो वरचा अंदाज झाला. खोटा नाही, सैल आहे.

आडगावकर
झाडाचं मान्य. पण O मध्ये स्थिरांक सोडूनच देतो की आपण. थोडा फरक पडला तर बिघडलं कुठे?

सांजवारा
फरक स्थिर असता तर सोडला असता. n = 30 ला कॉल २६,९२,५३७ होतात आणि 2^30 म्हणजे १०७ कोटींच्या वर, साधारण ४०० पट. n = 40 ला तोच फरक ३,३०० पटींवर जातो. घातांकाचा पाया बदलला की अंतर वाढतच राहतं. हे घड्याळ लावूनही कळतं. fib(35) नंतर fib(40) चालवा: पाच पायऱ्यांत वेळ सुमारे ११ पट वाढतो. २ चा पाया खरा असता तर ३२ पट वाढला असता.

कुंपणवेल
म्हणजे O च्या वाक्यात ‘आहे’ म्हणजे ‘याच्या आत आहे’?

सांजवारा
हो. O(3^n) लिहिलं तरी खोटं ठरणार नाही. ‘एवढीच’ म्हणायचं असेल तर Θ लिहा.

आडगावकर
पुस्तकात ठीक. पेपर तपासणारे मात्र O वाचून ‘एवढीच’ असंच समजतात. भाच्याला 2^n लिहायला सांगा, मार्क जाणार नाहीत.

कुंपणवेल
मी दोन्ही लिहायला सांगेन, Θ आधी.

ओवी_पुणे
एक शंका. n मोठा झाला की आकडेही लांब होतात, मग एकेक बेरीजच n च्या प्रमाणात महागणार. मग n·1.618^n म्हणायला नको का?

सांजवारा
शंका चांगली, पण नको. k किमान 1 असेल तर fib(k) ला F(n-k+1) वेळा बोलावलं जातं, म्हणजे k वाढला की बोलावणी झपाट्याने घटतात. वरच्या झाडात १५ पैकी ८ कॉल 0 नि 1 चेच आहेत. लांब बेरजा थोड्या, आखूड बेरजा ढिगाने. सगळा खर्च मिळवला तरी Θ(1.618^n) च राहतो. हा हिशेब नाचणीताईंच्या डिक्शनरीला मात्र लागतो: तिथे प्रत्येक k ची बेरीज एकदाच होते, त्यामुळे आकड्यांची लांबी धरली तर खर्च n² च्या घरात जातो.

नाचणी
fib(90) चौसष्ट बिटांत मावतो हो. माझं O(n) तिथवर तरी राहू द्या.