शब्दचर्चा: निबंधाचं 'प्रतिपाद्य', 'साध्य' की नुसतं 'म्हणणं'?

तापीकाठ (यावल)
पुतणी बी.ए.ला इतिहास घेऊन शिकते. फैजपूर काँग्रेसवर निबंध लिहिला, तर बाईंनी 'थीसिस स्टेटमेंट कुठंय?' असा शेरा मारून परत केला. तिचं पहिलं वाक्य असं: '१९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, पंडित नेहरू अध्यक्ष होते आणि खेड्यात भरलेलं ते पहिलंच अधिवेशन होतं.' यात खोटं काहीच नाही. मग अडलं कुठं? आणि थीसिस स्टेटमेंटला मराठीत म्हणतात काय? एका ठिकाणी 'प्रबंध-विधान' वाचलं, पण त्याला पीएच.डी.चा वास येतो.

शब्दवेडा (जळगाव)
शब्द आहे ना, प्रतिपाद्य. 'लेखाचा प्रतिपाद्य विषय' असं आपण लिहितोच. तिचा विषय फैजपूर, तो वाक्यात आला आहे. फक्त मत नाही. 'फैजपूर अधिवेशन हे स्वातंत्र्यलढ्याचं सुवर्णपान आहे' असं लिहा, काम झालं.

अमळनेरकर
शब्दवेडाभाऊ, शब्द बरोबर सुचवलात, पण त्याला 'विषय' चिकटवला तिथंच घात झाला. विषय म्हणजे कशाबद्दल बोलायचं ते. प्रतिपाद्य म्हणजे त्याबद्दल जे पटवून द्यायचं ते. फैजपूर हा विषय झाला, फैजपूरबद्दल पोरगी काय पटवून देणार आहे ते अजून कुठंच आलेलं नाही.

आणि 'सुवर्णपान' हे मत वाटतं, पण नाही. समोरचा 'नाही, मला हे मान्य नाही' असं म्हणू शकेल का, एवढंच विचारून बघा. सुवर्णपानाला नाही कोण म्हणणार? ज्याच्याशी कुणाचं भांडण होऊ शकत नाही ते निबंधात सिद्धही करता येत नाही, त्याची फक्त आरती करता येते.

बत्तीस वर्षं इतिहास शिकवला, त्यातली एक खूण सांगतो. निबंधातल्या परिच्छेदांची पहिली वाक्यं तेवढी वाचा. 'त्यानंतर', 'पुढे', 'त्याच वर्षी' अशीच सुरुवात होत असेल, तर तो निबंध तारखांच्या दोरीवर वाळत घातलेला आहे. वर एक वाक्य नवं चिकटवून तो सुधारत नाही.

मास्तर (चोपडा)
मी गणितवाला, तरी बोलतो. भूमितीत आपण 'पक्ष', 'साध्य' आणि 'सिद्धता' लिहायचो. थीसिस म्हणजे साध्य! मराठी शाळेत शिकलेल्या पोराला हा शब्द वेगळा समजवावा लागत नाही.

अमळनेरकर
मास्तर, आवडलं. आमच्या गावच्या तत्त्वज्ञान मंदिराची हवा लागलेला माणूस 'प्रतिज्ञा' म्हणेल. न्यायशास्त्रात अनुमानाची पहिली पायरी तीच: 'डोंगरावर आग आहे.' मग हेतू: 'कारण धूर दिसतो.' पण आज वर्गात प्रतिज्ञा म्हटलं की पोरं हात पुढे करून 'भारत माझा देश आहे' सुरू करतील. साध्यालाही अडचण आहेच, लोक त्याचा अर्थ उद्दिष्ट असा घेतात. शिवाय भूमितीतलं साध्य एकदा सिद्ध झालं की वाद मिटतो. इतिहासात मिटत नाही, नवा कागद सापडला की पुन्हा उकरतात.

कोर्टकचेरी (धुळे)
एवढं संस्कृत कशाला? आमच्याकडे अर्ज आला की साहेब विरुद्ध बाजूला सांगतात, 'म्हणणे दाखल करा.' त्या कागदात हकिगत असते, पण नुसती हकिगत लिहून आणली तर साहेब विचारतात, मग तुमचं म्हणणं काय? घरीही आजी हेच विचारते, 'तुन्हं म्हननं काय शे?' थीसिसला 'म्हणणं' म्हणा.

नंदुरबारची
माझ्या सिनॉप्सिसमध्ये गाईडनी गृहीतक लिहायला सांगितलंय, ते हेच का? आणि किती लिहायची, तीन की पाच?

अमळनेरकर
ताई, ते वेगळं. गृहीतक अभ्यासाआधी मांडतात, ते पुढे खोटं ठरलं तरी चालतं. म्हणणं पुरावे बघून झाल्यावर ठरतं. आकड्याचं गाईडलाच विचारा.

पुतणी
काकांनी हा धागा दाखवला. मी पुन्हा लिहिलं: 'फैजपूर अधिवेशनामुळे काँग्रेस शेतकऱ्यांची झाली.' याला नाही म्हणता येतं ना?

अमळनेरकर
येतं, म्हणून आधीपेक्षा चांगलं आहे. पण 'शेतकऱ्यांची झाली' हे कशावरून ओळखणार? सभासद वाढले, मतं वाढली की ठराव बदलला? एवढं मोठं वाक्य आठ पानांत पेलवत नाही. हातात काय आहे तिथून निघ. फैजपूरला शेतीविषयक कार्यक्रमाचा ठराव झाला. त्यात खंड आणि शेतसारा कमी करणं, न परवडणाऱ्या छोट्या जमिनींना सूट, कर्जाचा बोजा हलका करणं, शेतमजुराला पोटापुरती मजुरी अशा गोष्टी होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये किसान सभेनं आपला जाहीरनामा काढला, त्यात जमीनदारी रद्द करा अशी मागणी होती. काँग्रेसच्या ठरावात ती नाही. आणि त्याच डिसेंबरात किसान सभेचंही अधिवेशन फैजपूरलाच भरलं होतं, एन. जी. रंगा अध्यक्ष. हे दोन कागद शेजारी ठेव. काय दिसतं?

पुतणी
'काँग्रेस फैजपूरला खेड्यात आली, पण तिनं शेतकऱ्याला सवलती देऊ केल्या, जमिनीच्या मालकीला हात लावला नाही. कारण १९३७ च्या निवडणुका तोंडावर होत्या आणि तिला जमीनदार व कुळं दोघंही हवे होते.'

कोर्टकचेरी (धुळे)
वा! हे झालं म्हणणं.

केळीबाग (रावेर)
थांबा. आपल्या खान्देशात जमीनदारी होतीच कुठं? इथं रयतवारी. माझे आजोबा सारा थेट सरकारला भरायचे, त्यांच्या मानेवर सावकार होता, जमीनदार नव्हता. अधिवेशनाला बैलगाड्या भरभरून जे लोक आले, त्यांना जमीनदारी रद्द झाली काय न झाली काय, काय फरक पडणार होता? साऱ्यात कपात आणि कर्जात सूट, हेच त्यांना हवं होतं. तुम्ही बिहारच्या चष्म्यातून फैजपूर बघताय.

अमळनेरकर
केळीबाग, हा घाव वर्मी लागला. यानं वाक्य मोडत नाही, पण त्याला हद्द घालावी लागते. पोरी, हाच आक्षेप निबंधात घे आणि वाक्यातच त्याला जागा दे.

पुतणी
'फैजपूरचा शेती ठराव खान्देशसारख्या रयतवारी मुलखाच्या गरजांना धरून होता. पण जमीनदारी मुलखातल्या कुळांचा मुख्य प्रश्न, जमिनीची मालकी, त्यानं बाजूला ठेवला, कारण निवडणुकीच्या तोंडावर काँग्रेसला जमीनदारांना दुखवायचं नव्हतं.'

आता परिच्छेद आपोआप पडले: रयतवारीची बाजू, दोन कागदांची तुलना, मग कारण. नेहरू अध्यक्ष होते हे एका ओळीत मावलं.

शब्दवेडा (जळगाव)
वाक्य लांबलं, पण मी सुवर्णपान मागे घेतो. 'म्हणणं' मात्र लेखी मराठीत पोरकट दिसतं. मी प्रतिपाद्यच लिहिणार, विषय न जोडता.

मास्तर (चोपडा)
साध्य.

केळीबाग (रावेर)
शब्द कुठलाही घ्या. मला शेवटचा 'कारण' खटकतो. ठरावात काय आहे नि काय नाही ते दोन कागदांवरून दिसतं. पण ते *निवडणुकीमुळे* गाळलं, हे कशावरून? काँग्रेसमध्येच त्यावर एकमत नव्हतं, असंही असू शकतं.

पुतणी
त्याचा पुरावा माझ्याकडे अजून नाही. पुढाऱ्यांची त्या दिवसांतली पत्रं वाचायला घेतलीत. काही सापडलं नाही तर 'कारण'नंतरचा भाग काढून टाकीन.

अमळनेरकर
काढू नकोस, आधी 'बहुधा' लावून बघ. बाईंना 'बहुधा' चालतं का, ते मात्र मला सांगता येणार नाही. काही परीक्षकांना त्यात प्रामाणिकपणा दिसतो, काहींना कच्चेपणा.