हयातीत बक्षीसपत्र करावे की मृत्युपत्र ठेवावे? ‘हिशेबी’ यांच्या पोस्टला उत्तर

हिशेबी (मूळ पोस्ट): मृत्युपत्र म्हणजे आपल्या पश्चात मुलांना कोर्टाची पायरी चढायला लावणे. 200 रुपयांच्या मुद्रांकावर मुलाच्या नावे राहत्या घराचे बक्षीसपत्र करता येते, मग शहाणा माणूस मृत्युपत्राच्या फंदात पडेलच कशाला? मी गेल्या महिन्यात करून मोकळा झालो. तुम्हीही व्हा.

तालुका वकील: आपण मोकळे झालात हे खरेच, कारण आता त्या घरावर आपला काडीचाही मालकी हक्क उरलेला नाही. आपला सल्ला वाचून उद्या चार ज्येष्ठ मंडळी दुय्यम निबंधकाच्या दारात उभी राहतील, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी खर्चाचे पाहू. मुलगा, मुलगी, पती, पत्नी, नातवंडे किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना राहते घर बक्षीस दिले, तर महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. महापालिका हद्दीत मात्र अधिभार वेगळा लागतो आणि तो घराच्या बाजारमूल्यावर मोजला जातो. 80 लाखांच्या सदनिकेवर एक टक्का म्हटले तरी 80 हजार रुपये होतात. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही आणि त्याची नोंदणीही ऐच्छिक आहे.

पण खरा मुद्दा पैशांचा नाही. बक्षीसपत्र नोंदले गेले आणि मुलाने ते स्वीकारले की बाप त्याच दिवशी मालक राहत नाही. मन बदलले म्हणून ते एकतर्फी रद्द करता येत नाही. मृत्युपत्र मात्र शुद्धीवर असेपर्यंत कितीही वेळा बदलता येते आणि शेवटचे तेवढे खरे धरले जाते. पहिले नोंदणीकृत आणि नंतरचे साध्या कागदावरचे असले, तरी रीतसर सही आणि दोन साक्षीदार असतील तर नंतरचेच चालते.

आता माझ्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. निवृत्त गृहस्थांनी एकुलत्या एक मुलाला सदनिका बक्षीस दिली. अंगठ्याच्या यंत्रावर म्हाताऱ्याचा ठसा उमटेना, तेव्हा मुलानेच रुमालाने त्यांचे बोट पुसून पुन्हा टेकवले, इतके सगळे गोडीगुलाबीचे होते. पुढे मुलगा अपघातात गेला आणि त्याने मृत्युपत्र केलेले नव्हते. हिंदू पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत आई, पत्नी आणि मुले येतात. बाप येत नाही, तो दुसऱ्या वर्गात. त्यामुळे आई, सून आणि नात यांना प्रत्येकी एक तृतीयांश हिस्सा मिळाला, आणि ज्याने आयुष्यभर हप्ते फेडले त्याच्या वाट्याला शून्य आले. सुनेने घर विकायचे म्हटल्यावर ते माझ्याकडे आले. हेच त्यांनी मृत्युपत्र केले असते, तर घर त्यांच्याच नावावर राहिले असते. मुलगा आधी गेला तरी ते मृत्युपत्र वाया गेले नसते, कारण त्याची मुलगी मागे होती आणि कायद्याने तो हिस्सा मुलाच्या वारसांकडे गेला असता. शिवाय मधल्या काळात ते बदलण्याची मुभाही त्यांना होती.

हिशेबी: वकीलसाहेब, अपघाताची गोष्ट सांगून भीती घालू नका. माझा मुलगा धडधाकट आहे. आमच्या शेजारी मृत्युपत्रावरून भाऊ-भाऊ वर्षानुवर्षे न्यायालयात आहेत. साक्षीदारांपैकी एक वारला आणि दुसरा परदेशी गेला. त्याचे काय?

तालुका वकील: तो दोष मृत्युपत्राचा नाही, साक्षीदार निवडणाऱ्याचा आहे. आपल्या वयाच्या मित्रांऐवजी तरुण माणसे घ्यावीत. ज्याला घर मिळणार आहे त्याने मसुदा तयार करण्यापासून लांब राहावे आणि त्याच सुमाराचा डॉक्टरांचा दाखला सोबत ठेवावा. तरीही मृत्युपत्राला आव्हान देता येते, हे मी मान्य करतो. बक्षीसपत्र हयातीतच आणि नोंदणी करूनच होत असल्याने ते मोडणे तुलनेने अवघड आहे. तेवढा आपला मुद्दा बरोबर आहे.

पेन्शनर नाशिक: इतकी चर्चा कशाला? 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. मुलाने सांभाळले नाही तर कलम 23 खाली प्रांताकडे अर्ज करायचा आणि बक्षीसपत्र रद्द करून घ्यायचे. घर परत मिळते, विषय संपला.

तालुका वकील: विषय तिथेच सुरू होतो. मुलगा आपल्याला मूलभूत सोयी आणि गरजा पुरवील, या अटीवर हस्तांतर झालेले असले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात स्पष्ट म्हटले की, अशी अट होती हे सिद्ध झाल्याशिवाय कलम 23 लागू होत नाही. जानेवारी 2025 मध्ये उर्मिला दीक्षित प्रकरणात न्यायालयाने आईच्या बाजूने निकाल दिला आणि कायद्याचा अर्थ उदारपणे लावला. पण तिथेही मुलाने सांभाळण्याचे लेखी वचनपत्र दिलेले होते. छापील नमुन्यातल्या बक्षीसपत्रांत बहुतेक वेळा ‘प्रेमापोटी आणि मायेपोटी’ एवढेच लिहिलेले असते. अट नावालाही नसते आणि मग प्रांतापुढे तोंडी भांडावे लागते.

पेन्शनर नाशिक: म्हणजे अट लिहिली तर चालते ना? मग मी वेगळे काय म्हणालो?

तालुका वकील: आपण अटीचा उल्लेखच केला नव्हता. पण चला, लिहून घेतलीत तर आपले म्हणणे बरेचसे टिकते. त्याच कागदात आई-वडिलांचा तहहयात राहण्याचा हक्कही राखून ठेवावा. ताबा आणि उपभोग देणाऱ्याकडे राहिला म्हणून बक्षीसपत्र अवैध होत नाही, हे 2014 पासून रेनिकुंटला राजम्मा प्रकरणाने पक्के झाले आहे. मात्र राहण्याचा हक्क वेगळा आणि विकण्याचा वेगळा. उद्या शस्त्रक्रियेसाठी मोठी रक्कम लागली, तर ते घर विकून किंवा गहाण टाकून पैसे उभे करता येणार नाहीत. त्यासाठी मुलाची सही लागेल.

सोसायटीचा सचिव: आमच्या सोसायटीत नॉमिनेशनचा अर्ज भरला की काम होते. पत्नीचे नाव नॉमिनी म्हणून टाकले तर मृत्युपत्रही नको आणि बक्षीसपत्रही नको. लोक उगाच वकिलांना पैसे देतात.

तालुका वकील: सचिवसाहेब, नॉमिनीला सोसायटी तात्पुरता सभासद करून घेते, ते तिच्या दप्तराच्या सोयीसाठी. मालकी वारसांचीच राहते आणि नॉमिनी ती त्यांच्या वतीने सांभाळतो. आपल्या सोसायटीतली निम्मी भांडणे बहुधा याच गैरसमजातून उभी राहिलेली असावीत.

माहेरवाशीण: इतका वेळ सगळे ‘मुलगा, मुलगा’ करत आहेत, म्हणून लिहिते. माझ्या वडिलांनी सदनिकेचे बक्षीसपत्र भावाच्या नावे केले. दोघी बहिणींना निबंधक कार्यालयात बोलावले आणि ‘ही नुसती औपचारिकता आहे’ असे सांगून ‘संमती देणार’ म्हणून आमच्या सह्या घेतल्या. नंतर दस्त वाचला, तेव्हा त्यात ‘आमचा काही हक्क नाही व राहणार नाही’ असे वाक्य होते. हिशेबी यांना बक्षीसपत्र आवडते याचे कारण सोपे आहे. मृत्युपत्र उघडले की बहिणी प्रश्न विचारतात, आणि बक्षीसपत्रात त्यांच्याकडून आधीच तोंड बंद करून घेतले जाते.

हिशेबी: ताई, मला ओळखत नसताना हेतू चिकटवू नका. मुलीच्या लग्नात आम्ही जे द्यायचे ते दिले आहे.

माहेरवाशीण: हे वाक्य येणार याची मला खात्री होती. लग्नात दिलेली भांडी आणि 80 लाखांची सदनिका यांची बरोबरी करणारा हिशेब आपल्या टोपणनावाला शोभतो.

पेन्शनर नाशिक: 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींना वडिलांच्या घरात समान हक्क आहे. हे बक्षीसपत्र मुळातच बेकायदेशीर आहे.

तालुका वकील: 2005 ची दुरुस्ती आणि 2020 चा विनीता शर्मा निकाल एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीपुरते आहेत. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेले घर ते कोणालाही देऊ शकतात, मुलीला आणि मुलालाही वगळून. ते अन्यायाचे असेल, पण बेकायदेशीर नाही. ताई, एक विचारतो. घर त्यांच्या स्वकमाईचे असेल, तर बहिणींच्या सह्यांची कायद्याने गरजच नव्हती. मग त्या कोणी मागितल्या?

माहेरवाशीण: भावाच्या वकिलांनी. सदनिका घेताना वडिलांनी गावचा वाडा विकून आलेले पैसे घातले होते, बाकीचे कर्ज काढले. वाडा आजोबांचा होता.

तालुका वकील: मग प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर इथे बसून देता येणार नाही. आजोबा 1956 च्या आधी वारले की नंतर, वाड्याची वाटणी झाली होती का, आणि सदनिकेच्या किमतीतला किती भाग वाड्याच्या पैशांतून आला, हे पाहावे लागेल. आजोबा 1956 नंतर वारले असतील आणि वाडा त्यांचा स्वतःचा असेल, तर वडिलांना वारशाने मिळालेला हिस्सा सहसा त्यांचा स्वतंत्र मानला जातो. उलट तो एकत्र कुटुंबाचा असेल, तर आपली संमती हाच त्या दस्तातला सर्वांत महत्त्वाचा मजकूर ठरतो. ती फसवून घेतली, हे म्हणणे सोपे आणि सिद्ध करणे अवघड. मुदतही चालू झालेली असते, म्हणून वाट पाहू नका.

हिशेबी: म्हणजे आता बहिणीने भावावर दावा लावायचा! मृत्युपत्रानेच भांडणे होतात असे मी म्हणालो होतो, आता बक्षीसपत्रानेही झाली, समाधान झाले ना सगळ्यांचे?

माहेरवाशीण: माझे समाधान सदनिका मिळण्यात नाही. आई अजून त्याच घरात राहते आणि दस्तात तिच्या राहण्याच्या हक्काचा एक शब्द नाही. ती तर सहीलाही नव्हती.

हिशेबी: आईचा हक्क लिहायला हवा होता, हे मी नाकारत नाही. आमच्या दस्तात आहे का ते बघतो. नसेल तर मुलगा लिहून देईल.

तालुका वकील: आता तो मालक आहे. राहण्याचा हक्क राखून ठेवायचा असेल, तर त्याने नवा दस्त करून आपल्याला तो हक्क द्यावा लागेल आणि तो नोंदवावा लागेल. मुलाचा स्वभाव चांगला असेल तोवर हे काम आजच करून घ्या. आणि ताई, इंडेक्स दोनची प्रत, वाड्याचे विक्रीखत आणि वडिलांच्या त्या काळच्या बँक पासबुकाच्या नोंदी काढून ठेवा. पैसे कुठून आले हे पासबुकातच दिसेल.

माहेरवाशीण: पासबुके भावाच्या कपाटात आहेत.