मदत हवी आहे : फेरतपासणीत हा प्रश्न सूचक ठरतो का?

आमच्या वर्गात अभिरूप खटला चालू आहे आणि मी सरकारी पक्षाकडून आहे. आमच्या साक्षीदाराने सरतपासणीत सांगितलं, ‘रात्री नऊला चोराचा चेहरा पाहिला.’ उलटतपासणीत वकिलाने विचारलं, ‘रस्त्यावरचा दिवा बंद होता, बरोबर?’ तो ‘हो’ म्हणाला. उलटतपासणीत सूचक प्रश्न चालतात, त्यामुळे हरकत घेता आली नाही.

फेरतपासणीत मी विचारलं, ‘समोरच्या दुकानाच्या उजेडात चेहरा दिसला ना?’ लगेच हरकत आली आणि ती मान्य झाली. चूक कळते. उत्तर प्रश्नातच होतं. साक्षीदार आपल्याच बाजूचा, तो मान डोलावणारच. मग साक्ष त्याची न राहता वकिलाची होते. म्हणूनच भारतीय साक्ष अधिनियम, 2023 चं कलम 146 सरतपासणीत आणि फेरतपासणीत, विरोधी पक्षाने हरकत घेतल्यास, न्यायालयाच्या परवानगीशिवाय असे प्रश्न विचारू देत नाही. नाव-पत्त्यासारख्या वादातीत गोष्टींना तेवढी सूट.

आता मी प्रश्न असा बदललाय : ‘दिवा बंद होता म्हणालात, मग चेहरा कशाच्या उजेडात दिसला?’

माझ्या मते हा सूचक नाही, कारण चेहरा दिसल्याचं सरतपासणीत आलेलंच आहे. पण दुकानाचा उल्लेख आधी कुठेच नाही. मग तो उलटतपासणीतल्या उत्तराचा खुलासा धरतील की नवी बाब? नवी बाब असेल तर परवानगी लागेल आणि समोरच्यांना पुन्हा उलटतपासणी मिळेल. सत्र न्यायालयात काम केलेल्यांनी कृपया सांगा, तुम्ही हे कसं विचारता? सुनावणी शुक्रवारी आहे.